पुराच्या काळात अंथरुणावरचे, वृद्ध आणि दिव्यांग कुटुंबीय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः कोल्हापूर-सांगलीच्या नदीकाठच्या घरांसाठी लिहिली आहे. 2019 आणि 2021 च्या पुरांत इथे रस्ते कित्येक दिवस बंद राहिले. ज्यांना स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येत नाही, त्यांचे हाल सर्वांत जास्त झाले. चिपळूण, महाड किंवा खाडीकाठच्या गावांनाही यातला बराच भाग लागू पडेल. फरक इतकाच, की कोकणातल्या नद्या फार वेगाने चढतात, म्हणून तिथे हाताशी वेळ कमी असतो.

आम्ही नेमकं कधी निघायचं? धोक्याची पातळी ओलांडल्यावर?

नाही, त्याच्या बरंच आधी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेसाठी हेच आकडे 40 आणि 45 फूट आहेत. हे आकडे सगळ्या परिसरासाठी ठरवलेले आहेत. तुमच्या गावचा रस्ता कधी बुडतो, हे त्यांतून कळत नाही. प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांना शहराच्या खूप आधी घरं सोडावी लागतात, हे तिथल्या लोकांना पाठ असतं.

धडधाकट माणूस गुडघाभर पाण्यातून कसाबसा निघून जाईल. पक्षाघात झालेल्या माणसाला मात्र कोरडा रस्ता, दाराशी येणारी गाडी आणि उजेड लागतो. म्हणून अशा घराने निघण्याचा आकडा स्वतः ठरवावा. मागच्या पुरात गावचा रस्ता बंद झाला तेव्हा बंधाऱ्यावर पातळी किती होती, हे ग्रामपंचायतीत, एसटीच्या चालकांना किंवा दूध संकलन केंद्रावर विचारा. दुधाची गाडी कधी यायची थांबली, हे तिथे हमखास आठवतं. तो आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा.

आकडा कळला. त्यावरून वेळ कशी काढायची?

एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू. पंचगंगेकाठच्या गावात 78 वर्षांचे आजोबा आहेत. त्यांची उजवी बाजू लुळी आहे, लघवीची नळी आहे आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावं लागतं. वजन 70 किलो. आजी 72 वर्षांच्या, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगा पुण्यात आहे. गावचा रस्ता राजाराम बंधाऱ्यावर 38 फूट असताना बंद होतो, अशी नोंद घरात आहे.

सकाळी 8 वाजता पातळी 33 फूट होती, दुपारी 2 वाजता 34 फूट 6 इंच झाली. म्हणजे सहा तासांत दीड फूट, तासाला 3 इंच. रस्ता बंद व्हायला अजून साडेतीन फूट, म्हणजे 42 इंच उरले. याच वेगाने 14 तास लागतील आणि रस्ता पहाटे 4 वाजता बुडेल.

कागदावर 14 तास दिसतात, पण ते सगळे आपले नसतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत येतं. चढण्याचा वेग दुप्पट झाला तर रस्ता रात्री 9 वाजताच जाईल. त्यात अंधार आणि पाऊस. शिवाय आजोबांना खाऊ घालणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, कपडे, सामान आणि गाडीत बसवणं यांत दोन तास सहज जातात. म्हणून गाडीला अडीच वाजता फोन करायचा आणि पाचच्या आत गाव सोडायचं. तेव्हा नदी इशारा पातळीच्या सुमारे चार फूट खाली असेल आणि गावात कोणी हललेलंही नसेल. शेजारी म्हणतील, एवढ्यात कशाला? त्यांच्यासाठी ते बरोबरही असेल. तुमच्या घरासाठी मात्र हीच योग्य वेळ आहे.

इशारे कुठून मिळवायचे? आई-बाबांकडे साधा फोन आहे.

मोबाइलवर कर्कश आवाजात येणारा सरकारी इशारा त्या भागातल्या टॉवरवरून एकाच वेळी सगळ्या फोनवर जातो. त्याला इंटरनेट लागत नाही, पण जुन्या साध्या फोनवर तो येईलच असं नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये `Safety & emergency` आणि त्यात `Wireless emergency alerts` उघडून सगळे पर्याय चालू आहेत का, ते पाहा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे दुसऱ्या ठिकाणी असतं, तेव्हा सेटिंगच्या शोधपट्टीत `emergency alerts` टाका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप मराठीतूनही इशारे देतं. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा पावसाबद्दल असतो. नदी किती चढली, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जिल्हा प्रशासन आणि पाटबंधारे विभागाकडून येणारी पातळीची आकडेवारी बघावी लागते.

खरी अडचण इशारा न मिळण्याची नसते. इशारा मिळाल्यावर ‘आता निघा’ हे कोणी म्हणायचं, ते ठरलेलं नसतं. उदाहरणातल्या घरात हे काम पुण्यातल्या मुलाचं आहे. त्याच्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही आहे. पावसाळ्यात तो सकाळ-संध्याकाळ पातळी बघेल, 30 फुटांच्या वर गेली की दर तीन तासांनी बघेल. तो कामात अडकला तर बहीण बघेल. आणि गावात एक शेजारी हवा, ज्याच्याकडे घराची किल्ली आहे आणि जो फोन आला की प्रत्यक्ष दारात जाऊन सांगेल.

गावची वीज गेली की काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या संपतात आणि फोन लागेनासे होतात. म्हणून दुपारच्या फोनवरच सांगून ठेवायचं: ‘यापुढे माझा फोन लागला नाही तरी पाच वाजता निघायचं.’ फोनची वाट बघत घरात थांबणं, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

घरात ऐकू न येणारी किंवा न दिसणारी व्यक्ती असेल तर?

ऐकू येत नसेल तर फोन कंपनावर ठेवून उशीच्या अभ्र्यात सरकवा. नुसता गादीवर ठेवलेला फोन झोपेत जाणवत नाही. शेजाऱ्याला किल्ली द्याच, कारण दार वाजवून उपयोग नाही. आत आल्यावर त्याने दिवा चालू-बंद करावा आणि ठरवलेली एक खूण करावी, उदाहरणार्थ हातावर दोनदा थोपटलं की ‘लगेच निघायचं’. वीज गेली की ओठांवरून बोलणं कळत नाही आणि हातवारेही दिसत नाहीत, म्हणून बॅटरी आपल्याच चेहऱ्यावर आणि हातांवर धरायची.

दृष्टिहीन व्यक्तीला हाताला धरून ओढू नका. तिला तुमचा कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी, वळण, उंबरठा हे आधी तोंडाने सांगा. पाणी साचलं की काठीने खड्डा आणि गटार नीट ओळखू येत नाही, एरवी रोज एकटी फिरणारी व्यक्तीही तिथे चुकते.

आजोबांना घरातून गाडीपर्यंत कसं न्यायचं? पायऱ्या आहेत.

दोन माणसं आणि एक भक्कम खुर्ची पुरते. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, न दुमडणारी आणि सरळ पाठीची हवी. मोल्डेड प्लॅस्टिकची खुर्ची उचलताना पाय फाकतात आणि ती मोडते. आजोबांना नीट मागे टेकवून बसवा. लुळा हात मांडीवर घेऊन ओढणीने छातीशी सैल बांधा, नाही तर तो दारात अडकतो. कमरेभोवती चादरीची एक घडी खुर्चीच्या पाठीला बांधा. ही बांधणी फक्त कोरड्या जमिनीवर आणि पायऱ्यांवर चालते.

एकाने मागून खुर्चीची पाठ धरायची आणि खुर्ची आपल्याकडे कलती करायची. दुसऱ्याने पुढे खाली बसून पुढचे दोन पाय धरायचे. पायऱ्या उतरताना आजोबांचं तोंड उतरायच्या दिशेला असावं. खालच्या माणसावर जास्त भार येतो, म्हणून ताकदवान माणूस खाली. ‘एक, दोन, उचल’ हे फक्त मागच्याने म्हणायचं. दोघांनी आज्ञा दिल्या की खुर्ची हिंदकळते.

पक्षाघात झालेल्या माणसाला काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, तो निखळतो आणि नंतर महिनोन्‌महिने दुखतो. पाठुंगळी घेणंही इथे चालत नाही, कारण आजोबांना दोन्ही हातांनी गळ्याला धरता येणार नाही. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाचा श्वास त्यात दबतो.

बसताच येत नसेल तर जाड सतरंजी किंवा दुहेरी चादर वापरा. माणसाला कुशीवर वळवून ती अंगाखाली सरकवा, दोन्ही कडा अंगाजवळ येईपर्यंत घट्ट गुंडाळा आणि त्या गुंडाळीला धरून उचला. 70 किलोच्या माणसाला सहा जण लागतात. चार जणांत मधला भाग लोंबतो आणि पाठ वाकते.

हे सगळं मे महिन्यात एकदा करून बघा. खुर्ची दारातून जात नाही, पायरीवर वळायला जागा नाही, गाडीचं मागचं दार पूर्ण उघडत नाही, हे तेव्हाच कळलेलं बरं.

लघवीची नळी, नाकातली नळी यांचं काय करायचं?

उचलण्याआधी लघवीची पिशवी रिकामी करा. ती कमरेच्या खाली राहील अशी मांडीला किंवा पोटरीला बांधा. मांडीवर ठेवली तर लघवी उलटी मूत्राशयात जाते, लोंबती ठेवली तर कशात तरी अडकून नळी ओढली जाते. आत फुगा असतो, त्यामुळे ओढ बसली तर रक्तस्राव होतो.

नाकातून पोटात गेलेली नळी असेल तर निघण्याच्या तासभर आधी अन्न देणं थांबवा, थोडं पाणी घालून नळी धुवा, टोपण लावा आणि नळी गालाला चिकटपट्टीने पक्की करा. प्रवासात डोकं आणि छाती उंच ठेवा, आडवं झोपवू नका.

गाडी यायच्या आत पाणी आलं, तर होडीतून नेताना काय बघायचं?

होडीत कोणालाही कशालाही बांधायचं नाही. खुर्चीला, चाकाच्या खुर्चीला किंवा होडीच्या काठाला बांधलेला माणूस होडी उलटल्यावर सुटू शकत नाही. घराच्या पायऱ्यांवर वापरलेली चादर इथे सोडायची. व्यक्तीला होडीच्या तळाशी, मध्यभागी, पाय पसरून बसवा आणि मागे एकाने बसून आधार द्या. जीवरक्षक जाकीट सर्वांत आधी तिला घाला आणि सगळे पट्टे लावा. पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो नक्की लावा, नाही तर पाण्यात जाकीट वर सरकतं आणि तोंड खालीच राहतं. चाकाची खुर्ची नंतरच्या फेरीत येऊ द्या.

होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढत असतील तर थांबा आणि तसं मोठ्याने सांगा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं बुडाली. ज्याला हात-पाय मारता येत नाहीत, त्याला अशा वेळी दुसरी संधी नसते. पाणी वाहतं असेल तर खुर्ची उचलून त्यातून चालत जाण्याचा विचारही करू नका. वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर थांबून मदत मागा.

मदतीसाठी फोन कुठे करायचा आणि काय सांगायचं?

112 हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक, 108 रुग्णवाहिका, 1077 जिल्हा नियंत्रण कक्ष. पुण्या-मुंबईहून लावताना 1077 च्या आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड लावा: कोल्हापूरसाठी 0231, सांगलीसाठी 0233. नुसतं 1077 लावलं तर तुम्ही ज्या जिल्ह्यात आहात तिथे फोन जाईल.

‘आमचे बाबा आजारी आहेत’ एवढं सांगितलं तर पथक दोन माणसं आणि एक होडी पाठवतं, आणि ती माणसं मोकळ्या हाताने परततात. असं सांगा: ‘गाव अमुक, मारुती मंदिरामागची दुसरी गल्ली, पत्र्याचं निळं दार. एक पुरुष, 78 वर्षं, 70 किलो, उभं राहता येत नाही, शुद्धीवर आहेत, लघवीची नळी आहे. सोबत पत्नी, हळू चालते. माणसं पहिल्या मजल्यावर आहेत. खाली कंबरभर पाणी, प्रवाह नाही. पाण्यातून उचलून न्यायला चार माणसं लागतील.’ हे आधीच लिहून फोनजवळ ठेवा, फक्त पाण्याची उंची ऐनवेळी भरायची.

सरकारी यादीत नाव घालता येतं का?

येतं, आणि घालायलाच हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवणं आणि त्यांना धोक्याची माहिती मिळेल अशी व्यवस्था करणं बंधनकारक आहे. पावसाळ्याआधी तहसीलदारांना साध्या कागदावर अर्ज द्या. त्यात नाव, पत्ता, कोणत्या प्रकारची मदत लागेल आणि दोन फोन क्रमांक लिहा. सरकारी दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे युडीआयडी कार्ड, असेल तर प्रत जोडा. पोच घ्या आणि एक प्रत ग्रामसेवक, तलाठी व आशाताईंकडे द्या. प्रत्यक्षात दारात पहिल्यांदा पोचणारी व्यक्ती बहुतेक वेळा आशाताईच असते.

औषधं किती दिवसांची ठेवायची?

14 दिवसांची. रस्ता आठवडाभर बंद राहू शकतो. पाणी ओसरल्यावरही औषधांची दुकानं चिखलात असतात आणि माल यायला वेळ लागतो. एकदम जादा घेणं परवडत नसेल तर मार्चपासून दर महिन्याची औषधं पाच दिवस आधी घ्या. मे अखेरीस 15 दिवसांचा साठा आपोआप तयार होतो. झोपेच्या, फिटच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, त्यासाठी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. फिटच्या गोळ्या, स्टिरॉइड, कंपवाताची औषधं आणि रक्त पातळ करणारी औषधं अचानक बंद पडली तर धोका मोठा असतो. साठा करताना ती आधी धरा.

फिरकीच्या झाकणाच्या बरणीत गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटातच ठेवा. सुट्या गोळ्या शिबिरातल्या डॉक्टरांना ओळखता येत नाहीत. सोबत एक कागद ठेवा: औषधातल्या मूळ घटकाचं नाव, मात्रा, वेळ आणि कशाची ॲलर्जी आहे. ब्रँडचं नाव पुरेसं नाही, कारण शिबिरात दुसऱ्याच कंपनीची गोळी मिळते आणि लोक जुनी-नवी दोन्ही घेतात. दर महिन्याला बरणीतली औषधं वापरायला काढून नवी आत ठेवा. डॉक्टरांनी मात्रा बदलली की त्याच दिवशी बरणी आणि कागद दोन्ही बदला. बंद करून ठेवलेल्या बरणीत जुनी मात्रा राहून जाणं फार वेळा घडतं.

वीज गेली तर इन्सुलिन खराब होईल का?

पुराच्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडे हवा थंड असते आणि घरातलं तापमान साधारणपणे 30 अंशांच्या खालीच राहतं. बहुतेक प्रकारचं इन्सुलिन या तापमानात सुमारे 28 दिवस चालतं. आपल्या बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात दिवस बघून घ्या आणि फ्रिजमधून काढल्याची तारीख बाटलीवर लिहा. जास्त नुकसान होतं ते बर्फाने. लोक काळजीपोटी बाटली थेट बर्फात ठेवतात, ती गोठते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर साधं दिसलं तरी निकामी असतं. उन्हात उभ्या गाडीत मात्र ते ठेवू नका.

शिबिरात जेवणाची वेळ ठरलेली नसते. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचं. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड किंवा गोंधळ दिसला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका.

ऑक्सिजन किंवा डायलिसिस चालू असेल तर?

तर नदीची पातळी बघत बसू नका. जोराच्या पावसाचा इशारा आला की रुग्णालयाजवळ मुक्काम हलवा. घरगुती ऑक्सिजन यंत्र सुमारे 300 ते 350 वॉट वीज खातं आणि साध्या इन्व्हर्टरवर तीन-चार तासच चालतं. 1500 लिटर ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर मिनिटाला 2 लिटरने साडेबारा तास पुरतं, तेही पूर्ण भरलेलं असेल तर. म्हणजे सिलिंडर फक्त प्रवासापुरतं असतं, पूर काढायला ते पुरत नाही.

डायलिसिसच्या रुग्णाची फेरी चुकली तर पाणी आणि पोटॅशियम दोन्ही शरीरात साठतं. मदत म्हणून येणारी केळी, शहाळी आणि फळांचा रस नेमके त्यांच्यासाठी धोक्याचे. त्यांना ते द्यायचं नाही, हे शिबिरातल्या स्वयंसेवकांनाही सांगून ठेवा.

आजी घर सोडायला तयारच होत नाहीत.

बहुतेक वेळा यामागे दोन कारणं असतात, जनावरं आणि संडास. गाई-म्हशी आधी हलवल्या की अर्धा विरोध मावळतो. शाळेतल्या शिबिरात उकिडवं बसायचे संडास असतात आणि गुडघे न वाकणाऱ्या बाईला तिथे चार दिवस काढणं अशक्य वाटतं. त्या पाणी प्यायचं सोडतात आणि मग लघवीचा संसर्ग होतो. म्हणून भोक असलेली कमोड-खुर्ची सामानात सर्वांत आधी ठेवा आणि ती त्यांना दाखवा. शक्यतो शिबिराऐवजी तळमजल्यावर राहणाऱ्या नातेवाइकांचं घर मेमध्येच ठरवून ठेवा.

विस्मरणाचा आजार असेल तर पूर समजावून सांगू नका. ‘चला, ताईकडे जायचंय’ एवढं एकच वाक्य पुरतं. रोजची गोधडी सोबत घ्या. नाव आणि फोन क्रमांक कपड्याच्या आतल्या बाजूला शिवा, गळ्यातलं कार्ड त्या काढून टाकतात. शांत राहाव्यात म्हणून झोपेची जादा गोळी देऊ नका. गुंगीतल्या माणसाला उचलणं जड जातं आणि घशात अन्न अडकण्याची भीती असते.

पाणी उतरल्यावर कधी परत आणायचं?

घर धुऊन झालं, भिंती बऱ्यापैकी सुकल्या आणि वायरमनने वायरिंग तपासलं की मगच. चिखलावरून वॉकर आणि काठी दोन्ही घसरतात, म्हणून आधी अंगण आणि संडासाची वाट साफ करा. पुरात भिजलेली औषधं, पाकीट वरून कोरडं दिसत असलं तरी, टाकून द्या. अंथरुणावरच्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायच्या एअर गादीचा पंप पाण्यात गेला असेल तर तपासल्याशिवाय लावू नका. तोवर दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस लागेल, म्हणून परतीच्या दिवशी घरात दोन जण जास्तीचे असतील असं बघा.